मटणाच्या जेवणानंतर २४ जण आजारी: नेमका कोणता जंतू, कसं ओळखायचं?

नदीकाठ

गेल्या रविवारी सोसायटीत सामिष जेवण होतं. ६२ जण जेवले, २४ आजारी पडले. व्हॉट्सॲप गटावर तीन तट पडलेत. एकाचं म्हणणं मटण शिळं होतं, दुसऱ्याचं पाणी खराब होतं, तिसरा नुसता 'साल्मोनेला, साल्मोनेला' करतोय. भांडण्यापेक्षा मी प्रत्येकाला विचारून वहीत लिहून घेतलं. ते इथे देतो, जाणकारांनी सांगावं.

मटण ३० किलो. शनिवारी रात्री १० वाजता रस्सा तयार झाला. दोन मोठ्या पातेल्यांत झाकण लावून हॉलमध्येच ठेवला. रविवारी ११ च्या सुमारास आचाऱ्याने गरम केला, पंगत १ वाजता बसली. मटण खाणारे ४८, शाकाहारी १४. भाकरी, भात, कांदा, पाणी सगळ्यांना एकच. शाकाहाऱ्यांपैकी एकही आजारी नाही.

२२ जणांचं चित्र सारखं आहे. पहिली तक्रार रात्री ९ ची, बहुतेकांना ११ ते २ च्या दरम्यान सुरू झालं. पोटात जोरदार मुरडा, पाण्यासारखे जुलाब. उलटी फक्त दोघांना, ताप कुणालाच नाही. सोमवारी रात्रीपर्यंत सगळे बरे.

उरले दोन. एक ९ वर्षांचा मुलगा, दुपारी ३.३० ला तीन उलट्या, संध्याकाळी पुन्हा क्रिकेट खेळायला हजर. आणि एक ६४ वर्षांच्या काकू, त्यांना त्रास थेट बुधवारी संध्याकाळी सुरू झाला: १०२ ताप, जुलाब, त्यात रक्ताचे धागे. काकू अजून औषधावर आहेत. हे सगळं एकाच मटणाने झालं का?

चूलबोळकी

पाणीच असणार. मटण उकळून शिजलेलं होतं, वर सकाळी पुन्हा गरम केलेलं. उकळलं की जंतू मरतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आचाऱ्याला उगाच दोष देऊ नका.

पेट्रीडिश

नदीकाठ, अशी वही प्रत्येक सोसायटीत कुणीतरी ठेवली पाहिजे. तुमचे १४ शाकाहारीच पाण्याचा प्रश्न निकालात काढतात. पाणी त्यांनीही प्यायलं, भात त्यांनीही खाल्ला. फरक फक्त मटणाचा. मटण खाणाऱ्या ४८ पैकी २४ आजारी आणि न खाणाऱ्यांपैकी शून्य, यात पाण्याला जागा उरत नाही.

आता २२ जणांचं बघू. जेवणानंतर ८ ते १३ तासांनी सुरुवात, मुरडा आणि जुलाब भरपूर, उलटी जवळजवळ नाही, ताप नाही, चोवीस तासांत खेळ खलास. हे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचं ठरलेलं वागणं आहे. सामुदायिक जेवण, मोठं पातेलं, आदल्या रात्री शिजवलेलं मांस आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट गरम करणं, या चार गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय याच्यावर घ्यायचा.

चूलबोळकी, तुमचं अर्धं बरोबर आहे. उकळल्यावर या जंतूच्या जिवंत पेशी मरतात. पण त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं रूप, मरत नाहीत. हा जंतू जनावरांच्या आतड्यात आणि मातीत असतो, त्यामुळे कच्च्या मटणावर थोडे बीजाणू असणं नेहमीचंच. उकळीने त्यांचं काही बिघडत नाही, उलट त्या उष्णतेने ते जागे होतात. उकळताना रश्श्यातला प्राणवायू निघून जातो, आणि या जंतूला प्राणवायू नकोच असतो. सोबतचे बाकीचे जंतू मेलेले, म्हणजे खाण्यात वाटेकरीही नाही. झाकण लावलेलं, कोमट, मांसाने भरलेलं पातेलं हे त्याच्यासाठी पाळणाघरच.

तो साधारण १२ ते ५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात वाढतो आणि ४३ ते ४६ च्या आसपास सर्वात वेगाने. त्या तापमानाला दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. ग्रॅममागे १०० जंतूंपासून सुरुवात धरा. तासाला सहा दुपटी, म्हणजे दोन तासांत बारा, म्हणजे चार हजार पट: चार लाख. आणखी वीस मिनिटांत सोळा लाख. ग्रॅममागे दहा लाखांच्या आसपास पोचलं की ताट आजारी पाडू शकतं. सुरुवातीचा थोडा वेळ बीजाणू जागे होण्यात जातो तो धरला, तरी तुमच्या पातेल्याला अख्खी रात्र मिळाली होती.

दुसरीबाजू

एक शंका. बॅसिलस सीरियसचाही जुलाबवाला प्रकार असतो ना? तोही ६ ते १५ तासांत, ताप नाही, दिवसभरात बरं. मग परफ्रिंजन्सच कशावरून?

पेट्रीडिश

रास्त शंका. फक्त घड्याळ आणि लक्षणं बघून या दोघांत फरक करता येत नाही. बॅसिलस भातात जास्त सापडतो आणि भात शाकाहाऱ्यांनीही खाल्ला, म्हणून तो मागे पडतो. पण बॅसिलस मांसाच्या रश्श्यातही वाढू शकतो, त्यालाही बीजाणू असतात. छातीठोक सांगायचं तर उरलेला रस्सा किंवा आजारी माणसांचं शौच तपासायला हवं होतं. रस्सा शिल्लक आहे का?

नदीकाठ

नाही. सोमवारी सकाळीच टाकून दिला. घाईघाईने पातेलीही घासली.

पेट्रीडिश

नेहमी असंच होतं. पुढच्या वेळी प्रत्येक पदार्थाचा पाव किलोएक नमुना स्वच्छ डब्यात, वर तारीख आणि वेळ लिहून, तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको. गोठवलं की परफ्रिंजन्सच्या पेशी मरतात आणि पात्रात काही उगवत नाही. मग लॅब 'काही सापडलं नाही' म्हणते आणि सगळ्यांना वाटतं रस्सा चांगला होता.

झणझणीत

साल्मोनेला म्हणणारा मीच. तुमचं वाचून थोडा ढिला झालोय, पण पूर्ण नाही. साल्मोनेला १२ तासांपासून सुरू होतो ना? इथेही तेवढाच वेळ आहे. शिवाय तिघांची विडाल पॉझिटिव्ह आलीय मंगळवारी. साल्मोनेला म्हणजे टायफॉइडच की.

पेट्रीडिश

यात दोन गाठी एकमेकींत अडकल्या आहेत, आधी सोडवू.

टायफॉइड करणारा जंतू साल्मोनेलाच्याच घराण्यातला, पण तो फक्त माणसात राहतो. कोंबडीत नाही, बकऱ्यात नाही. रोग्याच्या किंवा वाहकाच्या हातातून, शौचातून, पाण्यातून पसरतो आणि ताप चढायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. रविवारी दुपारी जेवून मंगळवारी टायफॉइड होत नाही. विडाल ही रक्तातली प्रतिपिंडं बघते. आपल्याकडे जुनी लस, जुना संसर्ग, दुसराच एखादा ताप, कशानेही ती पॉझिटिव्ह येते. त्या तिघांची विडाल गेल्या महिन्यात केली असती तरी कदाचित तशीच आली असती.

कोंबडी, अंडी, मांस यांतून येतो तो दुसरा साल्मोनेला. तो ६ तासांपासून ७२ तासांपर्यंत कधीही सुरू होतो, बहुतेकांना १२ ते ३६ तासांत. म्हणजे घड्याळात तो परफ्रिंजन्सच्या अंगावर येतो, तुमचं म्हणणं तिथवर खरं. फरक पुढे कळतो. साल्मोनेला आतड्याच्या अस्तरात घुसतो, म्हणून ताप येतो, थंडी वाजते, डोकं दुखतं, आणि आजार चार ते सात दिवस रेंगाळतो. परफ्रिंजन्स घुसत नाही. तो आतड्यात पोचल्यावर नवे बीजाणू बनवतो आणि त्या कामात विष सोडतो. विष वाहून गेलं की माणूस बरा. बावीस जणांत एकालाही ताप नाही आणि सगळे एका दिवसात उठून कामाला, हा साल्मोनेला नव्हे.

एक-दोन रोग्यांवर हा नियम लावू नका. एखाद्याला सौम्य साल्मोनेला होतो, ताप जाणवतच नाही. बावीस जणांचा घोळका असला की घोळक्याचा मधला आकडा बोलतो. इथे तो साधारण अकरा तास आहे.

आचारीअण्णा

वाचतोय. मटणाला रात्रभर ठेवायची पद्धत जुनी आहे, मुरतं म्हणून. पूर्वी काय व्हायचं नाही का? व्हायचं, पण 'मटण जड गेलं' म्हणून सोडून द्यायचे.

तरी सगळा दोष रात्रीला देऊ नका. सकाळचं गरम करणं बघा. ३० किलोचं मटण दोन पातेल्यांत, म्हणजे एकेकात रस्सा धरून तीस लिटरच्या वर. खालून भट्टी लावली की तळ उकळतो, कडेला बुडबुडे येतात, वर तर्री हलते. माणूस म्हणतो झालं गरम. मधे कलथा खुपसला की मधलं मटण कोमट लागतं. ढवळायला आळस केला तर तासाभरानेही मधला भाग कोमटच.

पेट्रीडिश

अण्णांनी नेमकं बोट ठेवलं. आणि चूलबोळकींचं म्हणणं इथे निम्मं खरं ठरतं. रात्रभरात वाढलेल्या पेशी या बीजाणू नाहीत, त्या उष्णतेने मरतात. सकाळी पातेलं तळापासून ढवळत, मधोमध ७४ अंशांच्या वर नेऊन खळखळ उकळलं असतं तर बावीसमधले बरेचजण वाचले असते. परफ्रिंजन्स जिवंत पोटात जावा लागतो, त्याचं विष बहुतांशी पोटातच बनतं.

पण यावरून 'पुन्हा उकळलं की सगळं चालतं' असा नियम काढू नका, कारण दुसरा एक जंतू याच्या अगदी उलट आहे. स्टॅफिलोकॉकस. तो माणसाच्या नाकात, हाताच्या फोडात, चिरलेल्या बोटावर असतो. शिजलेलं मांस हाताने सोडवलं, तुकडे केले आणि बाहेर ठेवलं की त्यात वाढतो आणि विष अन्नातच करून ठेवतो. ते विष उकळीने जात नाही. जंतू मेला तरी विष तसंच. विष तयारच असल्यामुळे पोटात वाट बघावी लागत नाही: अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या, बहुतेकदा दोन-चार तासांत, ताप नाही, दिवसभरात बरं.

कट्टेकरी

म्हणजे त्या पोराला स्टॅफ? अडीच तासांत तीन उलट्या.

पेट्रीडिश

असू शकतं. पण त्याच रश्श्यात स्टॅफचं विष असतं तर ४८ पैकी एकट्यालाच का? आचाऱ्याने एखादा वेगळा पदार्थ हाताळला असेल आणि तो मुलानेच खाल्ला असेल तर गोष्ट वेगळी. नदीकाठ, त्याने आणखी काय खाल्लं?

नदीकाठ

चार वाट्या सीताफळ रबडी. आणि लगेच उन्हात क्रिकेट.

कट्टेकरी

मिटलं.

पेट्रीडिश

मिटलं नाही, पण वहीत त्याला बाजूला ठेवा. प्रत्येक यादीत असे एक-दोन पाहुणे असतात, त्यांना ओढूनताणून मुख्य घोळक्यात बसवलं की गणित बिघडतं.

एडिसनकर

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. माझी बहीण न्यू जर्सीत माझ्याजवळच राहते, सातवा महिना चालू आहे. काल तिने दुकानातलं थंड टर्की सँडविच खाल्लं आणि नंतर कुणीतरी तिला लिस्टेरियाची भीती घातली. आज तिला काहीच त्रास नाही. चोवीस तास उलटून गेले, म्हणजे आता धोका टळला ना? तुम्ही वर घड्याळ सांगितलंत त्यावरून विचारतेय.

पेट्रीडिश

ताई, लिस्टेरियाला वरचं घड्याळ लावू नका, म्हणून सविस्तर लिहितो.

लिस्टेरियामुळे कुणाकुणाला एका दिवसात साधे जुलाब होतात आणि थांबतात. पण ज्याची भीती आहे तो आजार जंतू आतड्यातून रक्तात गेल्यावर होतो. त्याला बहुधा दोन आठवडे लागतात, आणि गरोदरपणात दोन महिन्यांपर्यंत, क्वचित ७० दिवसही. त्यामुळे 'काल खाल्लं, आज ठीक' याला अर्थ नाही. तसंच 'काल खाल्लं, म्हणजे आता होणारच' यालाही नाही. एका सँडविचमधून होण्याची शक्यता फार कमी असते.

गरोदर बाईला त्यात जुलाब होतीलच असं नाही. ताप, अंगदुखी, थकवा, फ्लूसारखं वाटतं, एवढंच. आईला हलकं जातं आणि बाळाला जड: गर्भपात, वेळेआधी प्रसूती, नवजात बाळाला रक्तातला संसर्ग किंवा मेंदूज्वर. म्हणून बहिणीला काहीच त्रास नसेल तर तपासणी किंवा औषध लागत नाही, पण पुढचे दोन महिने ताप १०० च्या वर गेला तर 'फ्लू असेल' म्हणत घरी बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन सँडविचची तारीख सांगायची आणि ब्लड कल्चरबद्दल विचारायचं. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत लिस्टेरिया शोधतच नाहीत. वेळेत कळलं तर ॲम्पिसिलिनसारख्या साध्या औषधाने उपचार होतात.

एडिसनकर

धन्यवाद. पण टर्की तर शिजवलेलीच असते. आणि दुकानात थंड कपाटात ठेवलेली.

पेट्रीडिश

थंड कपाट हीच तर अडचण. आपण सगळे फ्रीजवर भरवसा ठेवतो कारण साल्मोनेला, परफ्रिंजन्स, स्टॅफ हे ४-५ अंशांना जवळजवळ गोठून बसतात. लिस्टेरिया शून्याच्या आसपासही हळूहळू वाढतो, आणि मीठही त्याला फारसं अडवत नाही. मांस कारखान्यात शिजतं तेव्हा तो मरतो. पण शिजल्यानंतर काप करणाऱ्या यंत्रावर, पट्ट्यावर, गटाराच्या जाळीत तो वर्षानुवर्षं चिकटून असतो आणि थंड झालेल्या मांसावर पुन्हा बसतो. मग ते पाकीट दोन-तीन आठवडे फ्रीजमध्ये, आणि खाताना पुन्हा कुणी गरम करत नाही. सलामी, हॅम, कापलेली टर्की, पाते नावाचं मांसाचं वाटण, मऊ चीज, थंड स्मोक्ड मासा हे त्याचे लाडके पदार्थ. यातलं काही खायचंच असेल तर वाफ येईपर्यंत, ७४ अंशांपर्यंत गरम करून खायचं.

आतापर्यंतची सगळ्यात मोठी साथ दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये झाली. १०६० रुग्णांची लॅबमध्ये खात्री झाली, २१६ दगावले. रुग्णांत चाळीस टक्क्यांहून जास्त नवजात बाळं होती. कारण निघालं पोलोनी, म्हणजे तिथलं स्वस्त, शिजवलेलं, जाड सॉसेज. पोरं रोज डब्यात नेतात असं.

शोध लागायला इतके महिने का गेले, ते तुमच्या घड्याळाच्या प्रश्नाशी जुळतं. आजारी माणसाला 'गेल्या महिन्यात काय खाल्लंत' विचारलं तर कोण नीट सांगणार? शेवटी जानेवारी २०१८ मध्ये सोवेतोच्या एका पाळणाघरातली लहान मुलं जुलाब-उलट्यांनी रुग्णालयात आली. एका मुलाच्या शौचात लिस्टेरिया सापडला. अधिकारी पाळणाघरात गेले, फ्रीज उघडला, आत पोलोनी होती आणि तीतही लिस्टेरिया. तिथून धागा पोलोकवानेच्या कारखान्यापर्यंत गेला. जंतूंच्या जनुकांचा क्रम लावला तेव्हा रुग्णांमधला मुख्य प्रकार आणि कारखान्यातला एकच निघाला. मार्च २०१८ मध्ये माल बाजारातून परत मागवला.

झणझणीत

म्हणजे आपल्या रश्श्यात लिस्टेरिया नाहीच. आपण थंड मांस खातो कुठे?

पेट्रीडिश

वाफाळत्या रश्श्यात नाही. पण पुण्या-मुंबईत सलामी आणि चिकन हॅमची पाकिटं फ्रीजमध्ये दहा दिवस उघडी पडलेली घरं वाढलीत. शिजवलेलं म्हणजे सुरक्षित, थंड म्हणजे सुरक्षित, ही दोन्ही गृहीतकं तिथे एकाच वेळी खोटी पडतात.

दुसरीबाजू

काकूंचं राहिलं. बुधवारी संध्याकाळी ताप आणि रक्त.

पेट्रीडिश

हो, आणि काकूंचंच जास्त महत्त्वाचं. रविवार दुपार ते बुधवार संध्याकाळ म्हणजे सव्वातीन दिवस. परफ्रिंजन्स नक्कीच नाही. ताप, रक्त आणि इतकी उशिरा सुरुवात यात कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, शिगेला बसतात. कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस लागतात आणि त्याचा मुख्य रस्ता कोंबडी. रविवारी कोंबडी नव्हतीच. काकूंनी आधीच्या पाच-सहा दिवसांत घरी काय खाल्लं, विचाराल का?

नदीकाठ

विचारलं. शनिवारी दुपारी चिकनची कलेजी, तव्यावर पटकन परतून. मुलाला आत थोडी गुलाबी आवडते म्हणून. मुलगा ठणठणीत आहे.

पेट्रीडिश

मग दाट संशय कलेजीवर. मांसाच्या अखंड तुकड्यात जंतू बहुधा वरवर असतात, पण कोंबडीच्या कलेजीत कॅम्पिलोबॅक्टर आतही असतो. बाहेरून परतून, आत गुलाबी ठेवून भागत नाही. आतला रंग पूर्ण बदलला पाहिजे. मुलाला झालं नाही याने काही सिद्ध होत नाही. तेच खाऊन एकाला होतं, एकाला नाही.

एक धोक्याची सूचना. रक्ती जुलाब आणि ताप अजिबात नाही किंवा अगदी हलका, असं चित्र असेल तर विष बनवणाऱ्या ई. कोलायचा विचार करतात. त्याला बहुधा तीन-चार दिवस लागतात. अमेरिकेत १९९३ साली अर्धकच्च्या हॅम्बर्गरमुळे चार मुलं दगावली ती यानेच. गुरांच्या मांसाचा खिमा केला की पृष्ठभागावरचा जंतू आतपर्यंत मिसळतो, म्हणून स्टेक आत लाल चालतो पण पॅटी चालत नाही, ती ७१ अंशांपर्यंत जावी लागते. यात जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि मनाने घेतलेलं अँटिबायोटिक घात करू शकतं, मूत्रपिंडं बसतात. लघवी कमी झाली, चेहरा पांढराफटक पडला, की थेट रुग्णालय. काकूंना १०२ ताप होता म्हणून मी याला खाली ठेवतोय, पण नजर ठेवा. स्टूल कल्चर झालं का?

नदीकाठ

औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी दिलं. निगेटिव्ह आलं.

पेट्रीडिश

तसं येणारच. शिवाय कॅम्पिलोबॅक्टरला कमी प्राणवायू आणि ४२ अंश लागतात. लॅबला आधी सांगितलं नाही तर साध्या पात्रात तो उगवतच नाही. काकूंचं कोडं बहुधा कोडंच राहणार.

चूलबोळकी

कलेजी असो की कोंबडी, मी तीन पाण्यांनी खळाखळा धुते, वर हळद-मीठ-दही. मग जंतू कुठला?

कट्टेकरी

आता इथे युद्ध होणार.

पेट्रीडिश

युद्ध नको. पाण्याने जंतू जात नाहीत, चिकटून असतात. नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर. आपण कोंबडी भरपूर शिजवतो, त्यामुळे आपल्याकडे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर बहुधा रश्श्यातून येत नाहीत. ते येतात त्याच सुरीने चिरलेल्या कांद्यातून, त्याच पाटावरच्या काकडीतून. रक्त, पिसं काढायची असतील तर पातेल्यात थोडं पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने, नळ बंद ठेवून. ते पाणी सावकाश ओता, मग बेसिन आणि ओटा साबणाने धुवा. आणि कोशिंबीर आधी चिरा, कोंबडी नंतर. दही-हळदीने जंतूंची वाढ थोडी मंदावते, मरत नाहीत.

दुसरीबाजू

धुण्याबाबत मी पूर्ण सहमत नाही. आपल्याकडे कोंबडी समोर कापून मिळते, पाकिटातली नसते. न धुता शिजवा हे कुणी ऐकणार नाही.

पेट्रीडिश

ऐकणार नाही हे मान्य. म्हणूनच पातेल्याचा उपाय सांगितला.

झणझणीत

आणि शोरमा? केरळमध्ये २०२२ ला एक मुलगी गेली. सगळे चिकनला नावं ठेवत होते.

पेट्रीडिश

कासारगोडची घटना. तिथल्या रुग्णांच्या तपासणीत शिगेला सापडला. शिगेला कोंबडीचा नाही, माणसाचा. न धुतलेल्या हातातून नाहीतर पाण्यातून येतो. म्हणून 'कोणतं मांस' एवढंच विचारून भागत नाही, 'शिजल्यावर कुणी हात लावला' हेही विचारावं लागतं. शोरम्यात दुसरी भानगड कच्च्या अंड्याच्या मेयोनेझची, तिथे खरा साल्मोनेला. केरळने २०२३ मध्ये आणि तेलंगणाने २०२४ मध्ये ते बंद केलं, तमिळनाडूने २०२५ मध्ये.

नदीकाठ

पुढच्या महिन्यात पुन्हा जेवण आहे. अण्णा, रात्रीच करायचं ठरलं तर काय करावं?

आचारीअण्णा

पहिलं म्हणजे रात्री करू नका. पहाटे ५ ला चूल पेटवा, १ च्या पंगतीला पातेलं भट्टीवरून उतरवायचंच नाही. वाढेपर्यंत हात लावता येणार नाही इतकं गरम.

रात्रीच करायचं तर मटण आणि रस्सा वेगळा काढा. मटण परातींत पसरा, चार बोटांपेक्षा कमी थर. रस्सा लहान पातेल्यांत, आणि ती पातेली बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून ढवळत राहा. झाकण नको, वर फडकं पुरे. निवलं की फ्रीजमध्ये.

चूलबोळकी

गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणतात.

पेट्रीडिश

तीस लिटरचं वाफाळतं पातेलं ठेवू नये, ते खरं. फ्रीजच कोमट होतो आणि पातेल्याचा मधला भाग सकाळपर्यंत गरम राहतो. पण त्याचा अर्थ 'रात्रभर ओट्यावर' असा नाही. हिशेब असा: ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास जास्त महत्त्वाचे, कारण ४५ चा घातक पट्टा त्यातच पार करायचा असतो. आणि मे महिन्यात विदर्भात रात्री खोलीच ३० च्या वर असते. ओट्यावर ठेवलेलं पातेलं २१ वर कधी उतरणारच नाही, बर्फच हवा.

आचारीअण्णा

आणि एक थर्मामीटर घ्या, सळईवाला. पातेल्याच्या मधोमध खुपसायचा, कडेला नाही. सकाळी गरम करताना ७४ चा आकडा दिसल्याशिवाय पंगत बसवायची नाही.

नदीकाठ

थर्मामीटर मागवला. फ्रीजचं मात्र अवघड आहे. सोसायटीत तीस किलो मटण परातींत पसरून मावेल एवढा फ्रीज कुणाकडेच नाही. पहाटेच करावं लागेल असं दिसतंय, आणि ५ वाजता चुलीपाशी कोण उभं राहणार यावरून गटावर नवं भांडण सुरू झालंय.